स्पॉटलाइटची उष्णता जाते कुठे?

हल्ली नवीन फ्लॅटच्या हॉलमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. सोफ्यामागची भिंत, तिच्यावर चार-पाच फ्रेम्स, आणि छताला एक काळी पट्टी, जिच्यावर छोटे छोटे दिवे माना वळवून भिंतीकडे बघत बसलेले असतात. ट्रॅक लाइट. दुकानात घ्यायला गेलं की तीन प्रश्न येतात: ट्रॅक कुठला, बीम किती डिग्रीचा, आणि हे प्रकरण तापतं किती. पहिल्या प्रश्नावर दुकानदार विचारतो, "काळा की पांढरा?" दुसऱ्यावर, "सगळे चोवीसच नेतात साहेब." आणि तिसऱ्यावर ठरलेलं उत्तर, "एलईडी आहे हो, तापत नाही."

तिन्ही उत्तरांनी माझं समाधान होईना, म्हणून या दिव्यांचा इतिहास चाळायला घेतला. आणि गंमत अशी की हे तीन वेगळे प्रश्न नाहीतच. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत या दिव्यात जे काही बदललं, त्यातलं बरंचसं एकाच कोड्यापाशी येऊन थांबतं: दिव्यातली उष्णता कुठल्या दिशेला सोडायची? आधी ती पुढे जायची, मग मागे जायला लागली, आणि आता ती दिव्याच्या पोटातच बसते. हे एकदा कळलं की दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

आधी पट्टीची गोष्ट

पूर्वी दिवा छतात जिथे वायर बाहेर काढलेली असेल तिथेच लागायचा. चित्र दोन फूट सरकवलं की दिवा चुकीच्या जागी. यावर उपाय काढला अमेरिकेतल्या लाइटोलियर कंपनीतल्या अँथनी डोनाटो यांनी, १९५९ ते १९६१ च्या दरम्यान. कल्पना अगदी साधी. अॅल्युमिनियमच्या पन्हळीत आतल्या बाजूने तांब्याच्या उघड्या पट्ट्या बसवायच्या, त्या इन्सुलेशनमध्ये इतक्या खोल की सहज बोट लागू नये. दिव्याच्या वरच्या टोकाला त्यांना टेकणारे संपर्क. दिवा पट्टीत कुठेही घाला, फिरवा, लागला. इलेक्ट्रिशियनला बोलवायची गरज नाही.

कल्पना चालली आणि इतर कंपन्यांनीही आपापल्या पट्ट्या काढल्या. पण प्रत्येकीने संपर्कांच्या जागा थोड्या वेगळ्या ठेवल्या. त्यातून अमेरिकेत तीन घराणी तयार झाली आणि आजही ती तशीच आहेत: हॅलोची एच, जुनोची जे आणि लाइटोलियरची एल. एका घराण्याचा दिवा दुसऱ्याच्या पट्टीत चालत नाही. कधी कधी तर तो आत बसतोही, पण संपर्क जुळत नाहीत, त्यामुळे लागत नाही. आपल्याकडे जाड पिनचा नोकिया चार्जर आणि बारीक पिनचा नोकिया चार्जर होता ना, तोच प्रकार, फक्त छताला स्क्रूने ठोकलेला. युरोपात पुढे तीन सर्किटची पट्टी रूढ झाली. तिच्यात तीन फेज, एक न्यूट्रल आणि अर्थ असतो. दिव्याच्या मानेवरच्या छोट्या चकतीने आपण कुठल्या सर्किटवर जायचं ते निवडतो. म्हणजे एकाच पट्टीवरचे चित्रांचे दिवे एका बटणावर आणि बाकीचे दुसऱ्या बटणावर.

या गोष्टीतून घ्यायचा धडा सरळ आहे. दिवे पाच-सात वर्षांत बदलतील, पट्टी मात्र छतात राहील. म्हणून पट्टी अशी घ्या जिचे दिवे एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात. सध्या फॅशनमध्ये असलेली ४८ व्होल्टची मॅग्नेटिक पट्टी दिसायला झकास आहे, पण एका कंपनीचा दिवा दुसरीच्या पट्टीत बसेल याची खात्री नाही. एच-जे-एलचीच गोष्ट नव्या वेषात. ती घ्यायचीच असेल तर दोन दिवे जास्तीचे आजच घेऊन ठेवा.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. आपल्या बाजारात २३० व्होल्टची दोन वायरची आणि तीन वायरची अशा दोन्ही पट्ट्या मिळतात. तिसरी वायर अर्थची. दोन वायरच्या पट्टीवर धातूच्या बॉडीचा दिवा लावला, तर त्या बॉडीला अर्थ मिळत नाही. आत वायरचं इन्सुलेशन वितळलं तर बॉडीतच करंट येणार, आणि दिवा फिरवायला आपण तीच बॉडी हातात धरणार. दोन वायरची पट्टी फक्त दुहेरी इन्सुलेशनच्या दिव्यांसाठी ठीक आहे. अशा दिव्यावर चौकोनात चौकोन ही खूण असते. ती नसेल तर तीन वायरचीच पट्टी घ्या. दोघींच्या किमतीतला फरक बघून मोह होतो, पण इथे वाचवू नका.

उष्णता पुढे

पट्टी आली तेव्हा तिच्यावर लागायचे ते आतून आरसा असलेले बल्ब. त्यातला दणकट भाऊ म्हणजे पार दिवा. जाड काचेचा परवलयाकार आरसा, पुढे काचेची भिंग-झाकण, सगळं एकत्र सीलबंद. हा मुळात मोटारीच्या हेडलाइटचा वंशज. अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून गाड्यांना सीलबंद हेडलाइट आले. त्याच घडणीचे दिवे आधी दुकानांच्या शोकेसमध्ये आणि मग घरात शिरले. पार ३८ मधला ३८ हा आकडा वॅटचा नाही. तो व्यासाचा आहे, एक अष्टमांश इंचाच्या मापात. म्हणजे पावणेपाच इंच. घरातल्या भिंतीसाठी चांगलाच मोठा डोळा.

तापलेल्या तारेच्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम दहावा भाग, बहुधा त्याहूनही कमी, दिसणारा उजेड होतो. बाकीची बहुतेक सगळी इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता. अॅल्युमिनियमच्या आरशाला यातला फरक कळत नाही. तो उजेडाबरोबर उष्णतेचाही झोत करून पुढे फेकतो. म्हणजे स्पॉटलाइट हा एक सौम्य हीटरच झाला, आणि पट्टीमुळे तो आता कुठेही वळवता येऊ लागला. चित्राकडे, माणसाकडे, पडद्याकडे.

पडद्याकडे वळला की काय होतं याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २० नोव्हेंबर १९९२ चं आहे. इंग्लंडमधल्या विंडसर किल्ल्यात राणीच्या खासगी चॅपेलमध्ये एका स्पॉटलाइटला पडदा टेकला. पडदा तापला आणि पेटला. आग सुमारे १५ तास चालली, ११५ खोल्यांचं नुकसान झालं, त्यात ९ शाही दालनं होती. दुरुस्तीला बरोबर पाच वर्षं लागली आणि ३ कोटी ६५ लाख पाउंड खर्च झाला. शॉर्ट सर्किट नाही, ओव्हरलोड नाही, फ्यूज उडायचं काही कारण नाही. दिवा आपलं काम अगदी चोख करत होता, फक्त त्याच्यासमोर फूटभरसुद्धा मोकळी जागा नव्हती.

म्हणूनच स्पॉटलाइटच्या लेबलवर एक छोटं चित्र असतं: दिवा, त्याचे किरण, आणि समोरच्या वस्तूपर्यंतचं अंतर मीटरमध्ये. हॅलोजन दिव्यांवर अनेकदा ०.५ मीटर लिहिलेलं असतं. म्हणजे प्रकाश पडणारी वस्तू यापेक्षा जवळ नको. ट्रॅकच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण दिवा लावताना असलेलं अंतर आणि सहा महिन्यांनी कोणीतरी तो वळवल्यावरचं अंतर सारखं नसतं. खिडकीजवळच्या टोकाला दिवा लावणार असाल तर पडदा पूर्ण सरकवून मग टेप लावा.

उष्णता मागे

१९५९ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिड्रिख आणि एमेट वाइली यांना हॅलोजन दिव्याचं पेटंट मिळालं. साध्या बल्बमध्ये तारेचं टंगस्टन हळूहळू उडून काचेवर बसतं आणि काच काळी पडते. यांनी आत थोडं आयोडीन घातलं. ते उडालेल्या टंगस्टनला पकडून परत तारेकडे आणून सोडतं. पण यासाठी काच चांगली अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते. म्हणून बल्ब क्वार्ट्झचा आणि इवलासा केला, शेंगदाण्याएवढा.

हा इवलेपणाच बीमच्या दृष्टीने मोलाचा ठरला. आरशापुढे उजेडाचा उगम जितका छोटा, तितका झोत घट्ट बांधता येतो. पावणेपाच इंचांच्या आरशाचं काम आता दोन इंचांत होऊ लागलं. याच वाइलींनी १९६० च्या दशकात स्लाइड प्रोजेक्टरसाठी तसा दिवा बनवला. त्याचे वंशज आपण आज एमआर १६ म्हणून ओळखतो. १६ म्हणजे पुन्हा एक अष्टमांश इंचाच्या मापात, दोन इंच.

प्रोजेक्टरमध्ये एक अडचण होती. एवढी उष्णता पुढे गेली तर फिल्मची स्लाइडच वितळेल. म्हणून आरशावर अॅल्युमिनियमऐवजी अतिशय पातळ थरांचा डायक्रॉइक लेप दिला. हा लेप उजेड परतवतो, पण इन्फ्रारेड आपल्यातून मागे जाऊ देतो. झोतातली साधारण दोन तृतीयांश उष्णता अशी मागच्या मागे निघून जाते. आणि मागे प्रोजेक्टरचा पंखा घरघरत असतो, तो ती बाहेर फेकतो. उत्तम डिझाइन.

पुढे दिव्यांच्या डिझायनर मंडळींना हा छोटा, चमकदार, चित्रांना न भाजणारा दिवा फार आवडला आणि त्यांनी तो प्रोजेक्टरमधून काढून छतावर नेला. पंखा मात्र प्रोजेक्टरमध्येच राहिला! आता तीच उष्णता दिव्याच्या मागच्या डबीत, होल्डरमध्ये, वायरच्या टोकांवर आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जायला लागली. चित्र वाचलं, होल्डर भाजला. बऱ्याच जुन्या हॅलोजन दिव्यांच्या होल्डरपाशी तपकिरी झालेलं प्लास्टिक आणि काडकन तुटणारी वायर दिसते ती यामुळे.

यावर काढलेलं उत्तर माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात जास्त आवडलं. मुख्य व्होल्टेजवर चालणाऱ्या दिव्यांचे दोन पिनांचे दोन बूड बनवले: जीयू १० आणि जीझेड १०. पिना सारख्या, त्यांच्यातलं अंतरही सारखं, १० मिलिमीटर. फरक एवढाच की जीयू १० च्या बुडाची कड तिरकी तासलेली आणि जीझेड १० ची सरळ काटकोनी. उष्णता मागे सोडणारे डायक्रॉइक दिवे जीझेड १० मध्ये, उष्णता पुढे नेणारे अॅल्युमिनियमचे जीयू १० मध्ये. ज्या फिटिंगला मागची उष्णता सोसत नाही त्यात जीयू १० चा होल्डर असतो, आणि त्यात सरळ कडेचा दिवा बसतच नाही. उलट दणकट होल्डरमध्ये दोन्ही बसतात. सूचना वाचायची गरज नाही, चुकीचा दिवा हातातच अडतो. सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्याला टाइप चेकिंग म्हणतो ते इथे चिनी मातीच्या एका तिरक्या कडेने केलंय.

उष्णता पोटात

युरोपात २०१६ पासून मुख्य व्होल्टेजचे झोतवाले हॅलोजन दिवे बाजारातून हटवायला सुरुवात झाली. त्यांची जागा एलईडीने घेतली. आता दुकानदाराच्या "तापत नाही" कडे वळूया. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. एलईडीच्या झोतात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं, त्यामुळे झोताखाली हात धरला तर चटका बसत नाही. विंडसरसारखा धोका खूपच कमी. पण ७ वॅटच्या एलईडीतही निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते. आधीची उष्णता किरणांनी निघून तरी जायची. ही किरणांनी जात नाही, धातूतूनच वाहून न्यावी लागते. चिपमधून बॉडीत, बॉडीतून हवेत. म्हणून एलईडी दिव्याची अॅल्युमिनियमची जड बॉडी ही शोभा नव्हे. पंखाच्या जागी ती आहे.

आणि आता उष्णतेची झळ पडदा किंवा होल्डरला नाही, दिव्यालाच बसते. सर्वांत नाजूक भाग म्हणजे ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. लेबलवर 'टीए' असं अक्षर आणि पुढे अंश दिलेले असतात. म्हणजे दिव्याभोवतीची हवा इतकी तापली तरी चालेल. काहीच लिहिलं नसेल तर मानकाप्रमाणे तो आकडा २५ अंश धरायचा. आता मे महिन्यात नागपूरच्या वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, छताजवळची हवा किती असते ते तुम्हीच सांगा. म्हणून टीए ४० किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिवा शोधा.

आणखी एक: जुन्या हॅलोजनच्या बंद डबीत नवा एलईडी एमआर १६ घालू नका. ती डबी हॅलोजनची उष्णता सोसायला बनलेली होती. एलईडीला ती गुदमरवते. शिवाय जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर पन्नास वॅटच्या लोडची सवय असलेला, त्याला ५ वॅट दिले की अनेकदा तो नीट चालूच होत नाही आणि दिवा लुकलुकतो. लोक दिव्याला शिव्या घालतात, दोष जोडीचा असतो.

एक भिंत मांडून बघू

आता हे सगळं एका भिंतीवर लावू. पुण्या-मुंबईतला नेहमीचा हॉल घ्या. पीओपीनंतर छत पावणेतीन मीटरवर, म्हणजे साधारण ९ फूट. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. दिवा पट्टीखाली १५ सेंटिमीटर लोंबतो, म्हणजे दिव्यापासून चित्राच्या मध्यापर्यंत उभं अंतर १.१ मीटर.

म्युझियममधला जुना ठोकताळा असा: झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांवर असावा. त्याहून उभा ठेवला तर फ्रेमची सावली चित्रावर पडते. फार आडवा केला तर काच चमकते आणि समोर उभ्या माणसाची सावली पडते. ३० अंशांसाठी पट्टी भिंतीपासून सुमारे ६४ सेंटिमीटरवर यायला हवी, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त. इलेक्ट्रिशियन सवयीने ती भिंतीपासून फूटभरावर ठोकतो. आधी खडूने रेघ मारून द्या.

दिवा ते चित्र हे तिरकं अंतर येतं १.२७ मीटर. बीमचा कोन म्हणजे मधल्या तेजाच्या निम्मं तेज उरतं तिथपर्यंतचा कोन. त्यापुढे उजेड संपत नाही, विरळ होतो. झोताची रुंदी काढायचं सूत्र:

```
D = 2 * L * tan(beam/2)
```

१५ अंशांना ही रुंदी ३३ सेंटिमीटर येते, २४ ला ५४, आणि ३६ ला ८२. पण भिंत तिरपी लागत असल्यामुळे गोलाचा उभा लांबट अंडाकार होतो. २४ अंशांच्या झोताची भिंतीवरची उंची सव्वा मीटरच्या आसपास जाते. म्हणजे ६० सेंटिमीटर रुंद, ९० उंच फ्रेमला २४ अंश जवळजवळ बरोबर. छोट्या एकट्या फोटोला १५. आणि ३६ घेतला तर खालची कड जमिनीपर्यंत पोचते, म्हणजे चित्राइतकाच सोफाही उजळतो. चार-पाच फोटोंचा एकत्र गट असेल तर ३६ उत्तम. दुकानदाराचा चोवीस आकडा वाईट नाही, फक्त तो या छताच्या उंचीला आणि या फ्रेमला लागू आहे. छत ११ फूट असेल तर गणित परत करा.

आता उजेड किती. समजा बॉक्सवर मधलं तेज १००० कँडेला लिहिलंय. १.२७ मीटरवर आणि या तिरप्या कोनात ते भिंतीवर साधारण ३१० लक्स होतं. म्युझियममध्ये जलरंग, कापड आणि कागदासाठी ५० लक्सचा दंडक आहे, गॅरी थॉमसन यांच्या १९७८ च्या 'द म्युझियम एन्व्हायरन्मेंट' या पुस्तकाने तो जगभर रुजवला. एलईडी उष्णता पुढे टाकत नाही हे खरं, पण रंग उडवण्याचं काम उजेड स्वतःच करतो. आजोबांचा हाताने रंगवलेला फोटो किंवा आजीच्या पैठणीचा तुकडा फ्रेममध्ये असेल तर त्याला डिमर किंवा कमी तेजाचा दिवा लावा, आणि घरात कोणी बसलेलं असेल तेव्हाच चालू ठेवा. जुना फोटो एकदा फिका पडला की कुठलाच दिवा त्याला परत आणत नाही.

शेवटची चाचणी फुकट आहे. सगळं लावून झालं की दोन तास दिवे चालू ठेवा, मग बंद करून एका दिव्याच्या बॉडीला हात लावा. कोमट किंवा गरम लागली तर उष्णता बाहेर पडतेय. दोन-तीन सेकंदही हात ठेववत नसेल, तर दिव्याला हवा कमी पडतेय. आणि बॉडी थंडगार पण दिवा दोन तासांत मंद झालेला असेल तर ती सर्वांत वाईट खूण. उष्णता बॉडीपर्यंत पोचतच नाहीये, चिप आत एकटी भाजतेय. असा दिवा बिलासकट परत करा.